मैत्रिणीला सुट्टीचं पत्र: मराठीचा भूतकाळ हाताशी येण्यासाठी

माझं माहेर जबलपूरचं, सासर नाशिकचं. मराठी मी लग्नानंतर शिकले. आता बदलीवर आलेल्या, नोकरीसाठी आलेल्या हिंदीभाषक मंडळींना मी घरीच शिकवते. बोलणं बऱ्यापैकी जमू लागलं आणि मराठी वाचून समजू लागली की जवळजवळ सगळ्यांची गाडी भूतकाळापाशी अडते. 'मी जातो' जमतं, 'मी जाईन' जमतं, पण काल काय झालं ते सांगायचं म्हटलं की 'मीने तिकीट काढला' असं काहीतरी बाहेर पडतं.

यावर मी एकच गृहपाठ देते: मैत्रिणीला किंवा मित्राला सुट्टीची हकिगत सांगणारं पत्र. निबंधात सगळं 'तो' आणि 'ते' यांच्यावर भागतं. पत्रात मात्र 'मी' येतो, 'आम्ही' येतो, आई-बाबा येतात आणि शेवटी 'तू काय केलंस?' हे विचारावंच लागतं. शिवाय हकिगतीत घडलेलं, घडत असलेलं, आधीच घडून गेलेलं आणि पूर्वी नेहमी घडायचं ते, असे चारही भूतकाळ आपोआप लागतात.

लेख हिंदीतून मराठीत येणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. गुजरातीभाषकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल, कारण त्यांच्याकडेही तीन लिंगं आहेत. कन्नड किंवा तेलुगू घरातून आलेल्यांनी चौथ्या पायरीला जास्त वेळ द्यावा. कर्माप्रमाणे बदलणारं क्रियापद त्यांना अगदीच नवं असतं.

काय काय लागेल

- रेघी वही आणि दोन रंगांची पेनं
- नामाचं लिंग दाखवणारा शब्दकोश (पु., स्त्री., न. अशा खुणा असलेला)
- तुमची स्वतःची, खरी झालेली एखादी सहल. कल्पनेतली नको, खऱ्या सहलीत अडचणीचे शब्द येतात, कल्पनेतल्या सहलीत आपण सोपेच निवडतो.
- पत्र ऐकून घेणारं एक मराठी माणूस. शेजारच्या काकूही चालतील.

१. आधी नामं लिहा, लिंगासकट

वाक्यांना हात लावण्याआधी सहलीतल्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिंग लिहा. हे काम कंटाळवाणं आहे, पण भूतकाळातल्या निम्म्या चुका क्रियापदाच्या नसतात, नामाच्या लिंगाच्या असतात. हिंदीतलं लिंग डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि शब्द तोच असला की आपण शब्दकोश उघडतच नाही.

नेहमी फसवणारे शब्द असे. 'चाय' स्त्रीलिंगी, पण आपला चहा पुल्लिंगी: चहा घेतला. 'मज़ा आया', पण मराठीत मजा आली. हिंदीतली 'आवाज़' स्त्रीलिंगी, मराठीत आवाज आला. 'मछली पकड़ी', पण मासा पकडला. आणि हिंदीत नपुंसकलिंगच नसल्यामुळे घर, मंदिर, पाणी, पुस्तक, तिकीट हे सगळे शब्द नव्याने शिकावे लागतात: घर बघितलं, मंदिर बघितलं, तिकीट काढलं.

नपुंसकलिंगाचं अनेकवचनही इथेच लिहून टाका. तिकीट काढलं, पण तिकिटं काढली. नाव सांगितलं, पण नावं सांगितली. हे 'काढली' आणि 'सांगितली' स्त्रीलिंगी एकवचनासारखं दिसतं, म्हणून शिकणारा बिचकतो आणि 'तिकिटं काढले' लिहून मोकळा होतो.

२. एक ठरवा: 'केलं' की 'केले'

पुस्तकी मराठीत 'मी काम केले' असतं, बोलण्यात 'मी काम केलं'. मित्राला लिहिलेल्या पत्रात बोलण्यातलं रूप शोभतं. सरावासाठी तर मी तेच वापरायला सांगते आणि त्याला कारण आहे. पुस्तकी 'बघितले' हे 'मंदिर बघितले' यातही येतं आणि 'किल्ले बघितले' यातही. तुम्ही लिंग ओळखून लिहिलं की अंदाजाने, हे तपासणाऱ्याला कळत नाही. 'मंदिर बघितलं, किल्ले बघितले' असं लिहिलं की चूक लगेच उघडी पडते. एकदा निवडलेलं रूप मात्र शेवटपर्यंत सांभाळा. एका ओळीत 'काम केलं' आणि पुढच्या ओळीत 'घर बघितले' अशी सरमिसळ वाचायला खटकते.

३. नमुना पत्र आधी मोठ्याने वाचा

हे पत्र मी वर्गासाठी लिहिलं आहे. मेघा आणि सुप्रिया या बालमैत्रिणी. वरती गाव आणि तारीख, मग मायना, मग मजकूर, शेवटी 'तुझी मैत्रीण'. मोठ्यांना लिहिताना 'साष्टांग नमस्कार' वगैरे येतं, बरोबरीच्या माणसाला 'सप्रेम नमस्कार' पुरे.

> नाशिक
> १२ नोव्हेंबर २०२५
>
> प्रिय सुप्रिया,
> सप्रेम नमस्कार.
>
> तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, कारण दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मालवणला गेलो होतो. मागच्या आठवड्यातच परत आलो.
>
> ठाण्याहून आम्ही रात्रीची कोकणकन्या पकडली आणि सकाळी कुडाळला उतरलो. तिथून एसटीने मालवण गाठलं. गाडीत मला झोपच लागली नाही. समोरच्या बाकावर एक काका मोठ्याने घोरत होते!
>
> दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला बघायला निघालो. बाबांनी धक्क्यावर होडीची तिकिटं काढली. वारा सुटला होता आणि होडी चांगलीच हलत होती. आईने रोहनला घट्ट धरलं. मी तर घाबरलेच होते, पण तो मात्र हसत होता. किल्ला कुरटे नावाच्या बेटावर आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली त्याचं बांधकाम सुरू केलं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे. आम्ही तटावरून फिरलो. मी खूप फोटो काढले. वाटाड्याने आम्हाला गोड्या पाण्याच्या तीन विहिरींची नावं सांगितली: दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चारी बाजूंना खारा समुद्र आणि मधे गोडं पाणी! मला दूधबाव फार आवडली.
>
> दुपारी एका घरगुती खाणावळीत जेवलो. बाबांनी बांगडा मागवला. मी दोन वाट्या सोलकढी प्यायले. रोहनने तर एकट्याने सहा वडे खाल्ले. काकू वडे तळत होत्या आणि हा संपवत होता. निघताना बाबा चष्मा तिथेच विसरले. आम्ही निम्म्या वाटेवर पोहोचलो होतो, तेवढ्यात काकूंचा मुलगा धावत आला आणि त्याने चष्मा दिला.
>
> संध्याकाळी तारकर्लीच्या वाळूत बसलो होतो, तेव्हा मला तुझी आठवण आली. शाळेत असताना आपण गोदाघाटावर जायचो, भेळ खायचो आणि तू पाण्यात पाय सोडून गाणी म्हणायचीस. म्हणून मीसुद्धा एक गाणं म्हटलं. रोहन म्हणाला, "ताई, मासे पळून जातील!"
>
> तू सुट्टीत काय केलंस? मामाकडे गेली होतीस का? नवा कॅमेरा घेतलास का? सविस्तर कळव. काका-काकूंना माझा नमस्कार सांग.
>
> तुझी मैत्रीण,
> मेघा

आता एका रंगाने प्रत्येक 'ल'वालं क्रियापद अधोरेखित करा: पकडली, उतरलो, गाठलं, काढली. दुसऱ्या रंगाने 'त होतो' आणि 'यचो' या जातीची: घोरत होते, हलत होती, जायचो, म्हणायचीस. 'गेलो होतो'सारखी जोडरूपं पहिल्या रंगात घ्या, कारण त्यांच्यातही 'ल' आहे. हे दोन रंग पुढच्या पायरीत लागतील.

४. प्रत्येक 'ल'ला विचारा: तू कोणाकडे बघतोस?

सगळ्या लेखात हीच पायरी सर्वांत महत्त्वाची.

दुसऱ्या रंगाची क्रियापदं सरळ आहेत. ती नेहमी कर्त्याकडेच बघतात, कर्म असो वा नसो. 'काकू वडे तळत होत्या' यात वडे पुल्लिंगी असले तरी 'होत्या' काकूंमुळे आलं. 'आपण भेळ खायचो' यात भेळ स्त्रीलिंगी आहे, पण 'खायचो' आपल्यामुळे.

पहिल्या रंगात गंमत आहे. क्रियापद अकर्मक असेल तर 'ल' कर्त्याकडे बघतो: आम्ही उतरलो, मुलगा आला, होडी आली. सकर्मक असेल तर कर्माकडे: कोकणकन्या पकडली (गाडी, स्त्री.), मालवण गाठलं (न.), वडे खाल्ले (पु. अनेक.). हिंदीतही हेच घडतं, 'मैंने रोटी खाई, आम खाया'. त्यामुळे तत्त्व तुम्हाला नवं नाही. अडचण अशी की हिंदीत 'ने' दिसला की आपण सावध होतो, आणि मराठीत मी, आम्ही, तू, तुम्ही यांना 'ने' लागतच नाही. 'मी वडे खाल्ले' यात धोक्याची पाटीच नाही. 'ने' आणि 'नी' फक्त तिसऱ्या माणसाला: रोहनने, आईने, वाटाड्याने, त्याने, तिने, आदरार्थी किंवा अनेकवचनी असेल तर बाबांनी, महाराजांनी, त्यांनी.

कर्माला 'ला' लागला की 'ल' कोणाकडेच बघत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात थिजतो. 'आईने रोहनला घट्ट धरलं.' रोहनच्या जागी मेघा ठेवा, चार मुलं ठेवा, 'धरलं' तसंच राहील.

'मला'वाल्या वाक्यांत 'मला' हा कर्ता नव्हे. मला झोप लागली, मला आठवण आली, मला दूधबाव आवडली, मला किल्ला आवडला, मला मंदिर आवडलं. लिहिणारा पुरुष असो वा स्त्री, फरक पडत नाही. आवडलेल्या वस्तूचं लिंग बघा.

आता अपवाद. काही क्रियापदांना कर्म असतं, तरी 'ल' कर्त्याकडेच बघतो. यांचा नियम शोधत बसू नका, यादी पाठ करा. रोजच्या वापरातली ही:

- विसरणे: बाबा चष्मा विसरले. ('बाबांनी चष्मा विसरला' नाही.)
- शिकणे: मी मराठी शिकले. हिंदीत 'मैंने सीखी', म्हणून इथे हमखास घसरगुंडी होते.
- बोलणे: ती खूप काही बोलली.
- पिणे: मी सोलकढी प्यायले. 'प्यायली'ही कानावर येतं, पण सरावात एकच धरा.
- जिंकणे, हरणे: आम्ही सामना जिंकलो.
- भेटणे: मी त्याला भेटले.
- नेसणे: आई पैठणी नेसली.

'म्हणणे' दोन्हीकडे आहे आणि पत्रात मी ते मुद्दाम दोनदा घातलं. कोणी काय बोललं ते सांगायचं असेल तर 'रोहन म्हणाला'. गाणं, आरती, श्लोक असेल तर 'मी गाणं म्हटलं', 'आईने आरती म्हटली'.

'जेवलो'कडेही लक्ष द्या. 'खाना खाया' डोक्यात असतं म्हणून 'जेवण खाल्लं' लिहिलं जातं. मराठीत माणूस जेवतो. खातो ते वडे, भेळ, आंबा असं काहीतरी ठरावीक. आणि जेवणे अकर्मक आहे: आम्ही जेवलो, बाबा जेवले, आई जेवली.

५. 'मी', 'तू' आणि घरची माणसं

बायकांसाठी मोठा खड्डा: 'मी गेली', 'मी आली'. हिंदीत 'मैं गई', त्यामुळे हे ओठांवर येतंच, आणि मुंबईत अनेकांच्या बोलण्यातही ऐकू येतं. लेखी मराठीत 'मी गेले, मी आले, मी घाबरले होते'. 'गेली' फक्त 'ती'साठी. पुरुषांना 'मी गेलो, आलो, घाबरलो होतो'. 'आम्ही' मात्र दोघांसाठी सारखंच: गेलो, फिरलो, जेवलो.

'तू' आला की 'स' हवा आणि तो कर्माकडे बघणाऱ्या क्रियापदालाही लागतो: तू काय केलंस, कॅमेरा घेतलास, भेळ खाल्लीस. 'केलंस'चा 'लं' 'काय'मुळे आणि 'स' तुझ्यामुळे, म्हणजे एकाच शब्दात दोघांची नोंद. 'तुम्ही'ला 'त' येतो: केलंत, घेतलात, गेलात.

घरच्यांचा आदर कसा दाखवायचा, यात मराठीची स्वतःची रीत आहे. बाबा आले, काका आले, हे अनेकवचनी. आई मात्र आली, आजी म्हणाली, असं एकवचनी. त्यात अनादर नाही, उलट 'आई आल्या' म्हटलं तर घरचे हसतील. काकू, मावशी, आत्या घरागणिक बदलतात. परक्या काकूंना 'तळत होत्या' हेच बरं. सासूबाई नेहमी 'आल्या'.

६. चार भूतकाळांना कामं वाटून द्या

रूपं बरोबर येऊ लागली की पुढचा प्रश्न: कुठे 'गेलो', कुठे 'गेलो होतो'? हिंदीभाषक हकिगत सांगताना 'था, थे, थी' ओतत जातात आणि मग मराठीत प्रत्येक वाक्याला 'होतं' चिकटतं. 'आम्ही गाडी पकडली होती, कुडाळला उतरलो होतो, एसटीने गेलो होतो' यातलं एकही रूप चुकीचं नाही, पण वाचणारा थांबून विचारतो, बरं, मग पुढे काय झालं?

'गेलो होतो' ऐकणाऱ्याला सांगतं की ही गोष्ट आधीची आहे, खरी बातमी दुसरीच. म्हणून ते दोन जागी शोभतं. एक, पत्राच्या सुरुवातीला: 'सुट्टीत आम्ही मालवणला गेलो होतो'. जाऊन परत आलो, आता सविस्तर सांगते, असा त्याचा सूर. दुसरं, हकिगतीच्या मधे, एखाद्या घटनेच्या आधी जे झालेलं होतं त्यासाठी. 'आम्ही निम्म्या वाटेवर पोहोचलो होतो, तेवढ्यात मुलगा धावत आला.' इथे पोहोचणं आधीचं, बातमी मुलाच्या येण्याची. 'वारा सुटला होता' हेही तसंच. आम्ही होडीत बसलो त्याच्या आधीपासून वारा होता. बसणे, उभं राहणे, झोपणे अशा क्रियापदांत हे रूप अवस्थाही दाखवतं. 'वाळूत बसलो होतो' म्हणजे आधी बसून उठलो असं नव्हे, तेव्हा बसलेल्या अवस्थेत होतो. हिंदीतल्या 'बैठे थे'सारखंच.

सुरुवातीचं वाक्य झालं की साध्या भूतकाळावर या आणि घटना एकामागून एक मांडा: पकडली, उतरलो, गाठलं, निघालो, काढली. गोष्ट पुढे सरकते ती यांच्यावर.

'हलत होती, घोरत होते, हसत होता' ही मागची हालचाल. घटना घडत असताना आजूबाजूला काय चाललं होतं ते यात येतं. एका परिच्छेदात अशी दोन-तीन वाक्यं पुरतात. जास्त झाली की हकिगत जागच्या जागी फिरते.

'जायचो, खायचो, म्हणायचीस' फक्त जुन्या सवयीला. शाळेच्या व्याकरणात याच कामासाठी 'जात असे' आणि 'जाई' शिकवतात. गोष्टीच्या पुस्तकात ती रूपं दिसतील, ओळखता आली पाहिजेत, पण मैत्रिणीला लिहिताना 'आपण भेळ खात असू' असं कोणी लिहीत नाही. 'मालवणला आम्ही सोलकढी प्यायचो' हे चार दिवसांच्या सहलीबद्दल लिहिलं तर वाचणारा समजेल की तुम्ही तिथे वर्षानुवर्षं जात होता.

नकारातही ही वाटणी टिकते. साध्या भूतकाळाला 'नाही': झोप लागली नाही. बाकीच्यांना 'नव्हतो, नव्हती, नव्हतं': होडी हलत नव्हती, आम्ही पोहोचलो नव्हतो. सवयीला पुन्हा 'नाही': आम्ही तिकडे जायचो नाही.

७. जे अजून आहे ते भूतकाळात ढकलू नका

सराव भूतकाळाचा आहे म्हणून सगळंच भूतकाळात लिहायची हौस येते. 'किल्ला बेटावर होता' असं लिहिलं तर सुप्रिया विचारेल, मग आता कुठे गेला? किल्ला कुरटे बेटावर आहे, मंदिर आत आहे, 'आहे'च हवं. बांधकाम मात्र १६६४ साली सुरू झालं, ती झालेली घटना, तिथे 'सुरू केलं'. जागेचं वर्णन लिहिताना प्रत्येक 'होता'पाशी थांबा आणि विचारा: आज गेलं तर दिसेल का? दिसत असेल तर 'आहे'. हवा, गर्दी, वारा, भूक या त्या दिवसाच्या गोष्टी. त्यांना 'होता' बरोबर.

८. वाकडी रूपं वेगळी लिहून ठेवा

धातूला नुसता 'ल' जोडून काम भागत नाही अशी क्रियापदं नेमकी रोजचीच आहेत. वहीच्या शेवटच्या पानावर लिहा: कर-केलं, जा-गेला, ये-आला, हो-झाला, दे-दिला, घे-घेतला, खा-खाल्ला, घाल-घातला, धू-धुतला. सांग, माग, बघ यांच्यात 'इत' शिरतं: सांगितलं, मागितलं, बघितलं. निघ, मिळ, उड, पळ, बुड यांच्यात 'आ': निघालो, मिळालं, उडाला, पळाला, बुडाली. 'मिळलं' आणि 'सांगलं' ही रूपं नवशिक्यांच्या वहीत इतकी दिसतात की तपासताना मी आधी तीच शोधते.

९. आता तुमचं पत्र, आणि त्याची परीक्षा

पत्र दोनशे-अडीचशे शब्दांचं असू द्या. अपवादांच्या यादीतली किमान दोन क्रियापदं, 'मला'वालं एक वाक्य, जुन्या सवयीची एक आठवण आणि शेवटी 'तू'ला तीन प्रश्न एवढं त्यात आलं पाहिजे. हवं तर माझ्या पत्राचा सांगाडा घ्या, गाव आणि घटना तुमच्या.

लिहून झालं की लिहिणारा बदला. मेघाचं पत्र तिच्या आणि रोहनच्या मोठ्या भावाने आपल्या मित्राला, समजा अमोलला, लिहिलंय असं धरा आणि काय काय बदलतं ते बघा. 'मी'च्या वाक्यांत दोनच क्रियापदं हलतात: 'घाबरलेच होते'चं 'घाबरलोच होतो' आणि 'प्यायले'चं 'प्यायलो'. 'मी खूप फोटो काढले' यातला 'ले' बाईमुळे आलेला नाही, फोटो अनेक आहेत म्हणून आला. पुरुषही 'काढले'च लिहील. 'गाणं म्हटलं', 'आवडली', 'आठवण आली', 'झोप लागली नाही' जागच्या जागी. मित्राकडे बघणारी दोन रूपं बदलतात: 'म्हणायचीस'चं 'म्हणायचास', 'गेली होतीस'चं 'गेला होतास'. 'केलंस' आणि 'घेतलास' तशीच राहतात, कारण त्यांचं लिंग अमोलचं नाही, कर्माचं आहे.

तुमच्या पत्रावर हाच प्रयोग करा. जे बदलायला नको ते तुम्ही बदललंत किंवा बदलायला हवं ते राहिलं, तर चौथ्या पायरीकडे परत जा आणि त्या एका क्रियापदाची पाच वाक्यं करा, प्रत्येकात कर्म वेगळ्या लिंगाचं घेऊन. मग शेजारच्या काकूंना पत्र वाचून दाखवा. त्या व्याकरण सांगणार नाहीत, पण 'बाबांनी चष्मा विसरला' ऐकलं की त्यांच्या कपाळाला आठी पडेल; वाचताना एक डोळा कागदावर ठेवा आणि एक त्या आठीवर.